गोधडी उघडते तेव्हा: आभाराचं कार्ड आणि पुन्हा येणारं गिऱ्हाईक

पत्र: आम्ही चौघीजणी जुन्या सुती साड्यांच्या बाळगोधड्या शिवतो. व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्रामवरून महिन्याला पंचवीस-तीस जातात, बहुतेक पुण्या-मुंबईकडे. एक गोधडी १,१५० रुपयांना. लोक 'छान आहे' म्हणतात, पण पुन्हा मागवत नाहीत. म्हणून पुठ्ठ्याचा बॉक्स केला, रंगीत कागदाच्या झिरमिळ्या, चॉकलेट, हळदी-कुंकवाची पुडी आणि 'थँक यू, पुढच्या ऑर्डरवर १०% सूट, ३० दिवसांत' असं चकचकीत कार्ड टाकलं. ५०० कार्डं छापली, दीडशे संपली. पॅकिंगलाच ९२ रुपये लागतात आणि सूट मागायला आजवर दोनच जणी आल्या. आता काय बदलू?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर:

ताई, आधी त्या तीस दिवसांचं बघू, कारण खरी अडचण तिथं आहे. बाळगोधडी ही साबण किंवा लोणच्यासारखी महिन्याला संपणारी वस्तू नाही. जिनं आज घेतली तिला महिन्याभरात दुसरी कशाला लागेल? तिला ती पुन्हा लागते दोन वेळांना. एक म्हणजे नात्यात किंवा ऑफिसात कुणाकडे बारसं निघतं तेव्हा. दुसरी, तिचंच बाळ वर्षाचं होतं आणि पाय गोधडीबाहेर यायला लागतात तेव्हा. या दोन्ही वेळा कधी येतील हे तुमच्या हातात नाही. तेव्हा तुमचं कार्ड घरात वर्षभर टिकलं पाहिजे आणि वेळ आली की हाताला लागलं पाहिजे. सवलतीची मुदत उलटलेलं कार्ड कुणी ठेवत नाही. धुण्याच्या सूचना असलेलं कार्ड मात्र कपाटाच्या दाराला चिकटवलं जातं, कारण आजी विचारतेच, 'हे मशीनला टाकायचं का गं?'

म्हणून कार्डाचं मुख्य काम आभार मानणं नव्हे, गोधडीची देखभाल सांगणं, असं धरून चला. आभार त्यातच येतात.

कार्ड ए-सिक्स आकाराचं घ्या, म्हणजे १०.५ बाय १४.८ सेंटीमीटर. डिजिटल छपाईवाल्याकडे १२ बाय १८ इंचांच्या एका शीटवर अशी आठ कार्डं बसतात. फक्त कडेपर्यंत रंग भरू नका. पांढरी कड सोडली की कापताना मिलिमीटरभर इकडंतिकडं झालं तरी दिसत नाही, आणि कार्डांमध्ये कापणीची जादा जागाही सोडावी लागत नाही. कागद ३०० जीएसएमचा, पण लॅमिनेशन न केलेला आणि चकाकी नसलेला. तुमच्या आत्ताच्या कार्डाची खोट हीच आहे. चकचकीत आर्ट कार्डावर पेन धरत नाही. लिहून दहा सेकंदांनी अंगठा फिरवा, अक्षर पसरलं तर तो कागद तुमच्या कामाचा नाही. छपाईवाल्याकडून आधी कोरे तुकडे मागून ही परीक्षा दुकानातच करा. लिहायला साधं बॉलपेन घ्या. जेल पेनची शाई सुंदर दिसते खरी, पण पावसाळ्यात पिशवीत ओल शिरली की फुटते.

आता मजकूर. पुढच्या बाजूला छापील तीनच ओळी आणि खाली निम्मं कार्ड कोरं:

> ही गोधडी जुन्या सुती साड्यांची आहे, धावदोरा हातानं घातलेला आहे.
> शिवणारी: ____________
> अंबाजोगाई, जि. बीड

गावाचं नाव मुद्दाम ठेवायला सांगतोय. अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणातून आलेल्या कितीतरी घराण्यांची कुलस्वामिनी. तुमची बरीच पार्सलं पुण्या-मुंबईला जातात. त्यांतल्या काही घरांत हे नाव वाचून कुणीतरी 'अगं, आपल्या देवीच्या गावची गोधडी' म्हणेल, आणि मग ती बारशात चार जणींना दाखवली जाईल. त्यासाठी देवीचं चित्र वगैरे छापायची गरज नाही. ते चित्र असलेला कागद पुढं टाकायचा कुठं, हा प्रश्न घेणारीला पडतो. गाव आणि जिल्हा एवढं पुरे.

कोऱ्या जागेत जिनं गोधडी शिवली तिनंच दोन ओळी लिहायच्या. इथं बहुतेक जणी 'तुमच्या पाठिंब्याबद्दल मनापासून आभार' असं लिहितात. ते दुसऱ्या कुठल्याही पार्सलात चाललं असतं, म्हणून ते वाचलं जात नाही. या एका गोधडीबद्दलच खरं असेल ते लिहा. उदाहरणार्थ: 'मधली निळी साडी सगळ्यात मऊ होती, म्हणून ती बाळाच्या अंगाला लागणाऱ्या बाजूला घातली. पांढऱ्या दोऱ्याच्या रांगा ४२ आहेत.' हे वाचल्यावर घेणारी गोधडी उलटी करून निळी बाजू शोधते, हात फिरवते, कुणी रांगा मोजूनही बघते. गोधडी तिच्या मनात बसते ती इथं. पण लिहिलेलं खरंच असलं पाहिजे. माहीत नसलेल्या साडीला 'आजीची साडी' म्हणू नका, आणि रांगा न मोजता आकडा घालू नका. महिन्याला तीस गोधड्या म्हणजे तीस वेळा दोन ओळी. पॅकिंगच्या घाईत हे होत नाही. शेवटचा दोरा कापला की लगेच लिहून कार्ड गोधडीला लावून ठेवायचं, म्हणजे आठवण ताजी असते.

मागच्या बाजूला धुण्याचं. अक्षर बारा पॉइंटपेक्षा बारीक नको. बारीक देवनागरीत जोडाक्षरं आणि काने-वेलांट्या एकमेकांत घुसतात, आणि हे वाचणारी बहुधा चष्म्याची आजी असते.

> पहिले दोन वेळा वेगळी धुवा. गार पाणी, सौम्य साबण, दहा मिनिटांहून जास्त भिजवू नका.
> पिळू नका. दाबून पाणी काढा आणि दोन दोऱ्यांवर आडवी पसरून सावलीत वाळवा.
> दोरा निघाला तर ओढू नका, कापू नका. फोटो पाठवा, दुरुस्ती आम्ही करून देऊ.
> बाळ झोपलेलं असताना गोधडी तोंडावर येणार नाही असं पाहा.

दुसऱ्या ओळीचं कारण तुम्हाला ठाऊक आहेच, पण शहरातल्या घेणारीला नाही. ओली गोधडी जड होते. एका कडेला चिमटे लावून टांगली की सगळा भार वरच्या दोन-चार रांगांवर येतो आणि धावदोरा तिथंच तुटतो. मग ती म्हणते, 'माल कच्चा निघाला.' तोंडावर सांगत नाही, फक्त पुन्हा मागवत नाही. तुमच्याकडे पुन्हा न येणाऱ्यांत अशा किती असतील हे कळायला मार्ग नाही, पण ही एक ओळ तो धोका कमी करते.

तिसरी ओळ आमच्या मते सगळ्या कार्डातली सर्वांत मोलाची. १०% सूट दिली तर तुमचे ११५ रुपये जातात आणि गोधडीची किंमत मुळात जास्त होती असा संशय मागं राहतो. दुरुस्तीच्या वचनाला मात्र चार रांगा पुन्हा घालण्याचा अर्धा-पाऊण तास आणि थोडा दोरा लागतो. जाण्या-येण्याचं टपाल घेणारीनं द्यायचं, हे पहिल्याच निरोपात स्पष्ट सांगा. दुरुस्तीला गोधडी पाठवणाऱ्या मोजक्याच असतील, पण हाताच्या कामाच्या पाठीमागे माणसं उभी आहेत ही खात्री ते कार्ड वाचणाऱ्या प्रत्येकीला मिळते.

त्याखाली क्यूआर. तो नुसता इन्स्टाग्रामकडे नेणारा नको. तिथं गेलेलं माणूस पाच मिनिटांत दुसऱ्याच कुणाचे कपडे बघत बसतं. क्यूआरनं थेट तुमच्याशी बोलणं उघडलं पाहिजे. व्हॉट्सअॅपचा असा दुवा कुणालाही बनवता येतो:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=B1
```

91 च्या पुढं तुमचा दहा आकडी नंबर, मध्ये अधिकचं चिन्ह नाही, शून्य नाही, मोकळी जागा नाही. `B1` ही तुमची खूण. घेणारीनं स्कॅन केलं की व्हॉट्सअॅप उघडतं, तिथं `B1` लिहून तयार असतं, तिला फक्त 'पाठवा' दाबायचं. तिथं सुंदर मराठी वाक्य घालायचा मोह होईल, पण टाळा. दुव्यात देवनागरीचं एकेक अक्षर नऊ खुणांचं होतं (नुसता 'ग' म्हणजे `%E0%A4%97`), आणि तीस अक्षरांचं वाक्य घातलं की क्यूआरची जाळी इतकी दाट होते की छोट्या छपाईत ती साध्या फोनला वाचताच येत नाही. वरचा आखूड दुवा अडीच सेंटीमीटरच्या चौकोनात आरामात बसतो. त्याच्या चारही बाजूंना अर्धा सेंटीमीटर कोरं सोडा, काळ्यावर पांढरा करू नका, मध्ये लोगो घालू नका. क्यूआर बनवताना 'स्टॅटिक' प्रकार निवडा. 'डायनॅमिक' प्रकारचा क्यूआर दुसऱ्या कंपनीच्या पत्त्यावरून फिरून येतो, आणि तिथली फुकट मुदत संपली की तुमची छापलेली कार्डं मुकी होतात. छापण्याआधी एक नमुना कागद काढून घरातल्या तीन वेगवेगळ्या फोनांवर, संध्याकाळच्या दिव्याखाली, स्कॅन करून बघा. खाली फोन नंबर आकड्यांतही छापा. कपाटावरचं कार्ड वाचून फोन लावणारी आजी स्कॅन करणार नाही.

आणि स्कॅन का करावं, हे एका ओळीत सांगा: 'बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला मोठ्या गोधडीची आठवण करू का? हा चौकोन स्कॅन करून "पाठवा" दाबा.' `B1` आलं की तुम्ही फक्त बाळाचा जन्माचा महिना विचारायचा आणि वहीत लिहायचा. बाळ अकरा महिन्यांचं झालं की एकच निरोप, १५० बाय ११० सेंटीमीटरच्या गोधडीचा एकच फोटो. ज्यांनी स्वतः होकार दिला त्यांनाच. सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना दर सणाला शुभेच्छा आणि नवा माल पाठवत राहिलात तर लोक तुम्हाला ब्लॉक करतात आणि अकराव्या महिन्याचा तो एक निरोपही पोचत नाही.

आता पार्सल. आधी बॉक्स वापरणं थांबवा. बॉक्स फुटणाऱ्या वस्तूला लागतो, गोधडी फुटत नाही. तुमच्या बॉक्सचं माप पत्रात नाही, पण अशा गोधडीला सहसा १२ बाय १० बाय ३ इंचांचा, म्हणजे साधारण ३० बाय २५ बाय ८ सेंटीमीटरचा घेतात. खासगी कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, आकारमानाचंही वजन काढतात: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५,००० नं भागायचं. या बॉक्सचं ते येतं ६,००० भागिले ५,०००, म्हणजे १.२ किलो. आतली गोधडी ४०० ग्रॅमची असली तरी पैसे सव्वा किलोच्या आसपासचे लागतात. शिवाय कोऱ्या पुठ्ठ्याचंच वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे खऱ्या वजनानंही तुम्ही ५०० ग्रॅमची पायरी ओलांडून वरच्या दरात जाता. तुमच्या ९२ रुपयांत हा चोरखर्च धरलेलाही नसेल, कारण तो पॅकिंगच्या नव्हे, टपालाच्या खात्यात दिसतो.

एक गोधडी घेऊन हिशेब करू. १०० बाय ८० सेंटीमीटर, साडीचे चार-पाच थर, वजन ३८० ग्रॅम. शंभराच्या बाजूनं चार पदरी घडी घातली की २५, ऐंशीच्या बाजूनं चार पदरी की २०. सोळा पदरांची जाडी दाबून साधारण पाच सेंटीमीटर. म्हणजे २५ बाय २० बाय ५: आकारमानाचं वजन बरोबर अर्धा किलो. खरं वजन: गोधडी ३८०, आतली पारदर्शक पिशवी १०, बटर पेपर ८, कार्ड ५, बाहेरची कुरिअर बॅग आणि पत्त्याचा कागद मिळून २५. बेरीज ४२८ ग्रॅम. दोन्ही मापांनी तुम्ही ५०० च्या आत. पण जाडी पाचच्या वर गेली की पुढचा दर लागतो, म्हणून घडी घातल्यावर तिच्यावर पाट ठेवून त्यावर पाण्यानं भरलेली कळशी तासभर ठेवा, मगच बांधा. हवा निघून गेली की घडी तशीच राहते.

कुरिअर बॅग घेताना लोक वस्तूच्या मापाची घेतात आणि ती बसत नाही. पिशवीची रुंदी म्हणजे वस्तूची रुंदी, अधिक जाडी, अधिक दोन सेंटीमीटर. २० अधिक ५ अधिक २ म्हणजे २७, लांबीला तसंच ३२. तेव्हा १२ बाय १४ इंचांची पिशवी घ्या. उरलेली कड मागं दुमडून चिकटवा, मोकळी लोंबू देऊ नका, नाहीतर मोजणीत तीही धरली जाते.

आता पिशवी हातात आलेली बाई काय करते ते डोळ्यांसमोर आणा. कुरिअर बॅगेची चिकटपट्टी हातानं सुटत नाही. ती स्वयंपाकघरात जाते, सुरी किंवा कात्री आणते आणि पिशवीच्या मधोमध खुपसते. पहिला घाव गोधडीवर. कित्येक 'फाटलेली आली' तक्रारींचं मूळ हे असतं, आणि कापणारीला ते कळतही नाही. उपाय दोन पैशांचा आहे. गोधडी पिशवीच्या तळाशी ढकला, चिकटपट्टीच्या बाजूला चार बोटं रिकामी जागा ठेवा आणि त्या रिकाम्या पट्टीवर बाहेरून एक पांढरं स्टिकर लावा: तुटक रेघ आणि 'इथून कापा'. 

आतला क्रम असा ठेवा. सगळ्यात आत गोधडी, बटर पेपरमध्ये. बटर पेपर पांढराच घ्या. रंगीत टिश्यू कागदाला ओल लागली की रंग सुटतो, वर्तमानपत्राची शाई तर कोरड्यालाही लागते. २० बाय ३० इंचांच्या कागदाचे दोन तुकडे केले की एक गोधडीला पुरतो, चारही कडा झाकल्या नाही गेल्या तरी चालतं, वरचा चेहरा झाकला म्हणजे झालं. त्यावरून त्याच गोधडीतल्या साडीची पट्टी, दोन बोटं रुंद, पावणेदोन मीटर लांब, एकदा आडवी एकदा उभी फिरवून वर फुलगाठ. एक टोक ओढलं की सुटली पाहिजे. गच्च निरगाठ मारली की पुन्हा कात्री येते. पट्टी लावण्याआधी तिचा एक कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालात दहा मिनिटं दाबून ठेवा. रुमालावर रंग उतरला तर ती पट्टी वापरायची नाही, आणि खरं तर ती साडी बाळाच्या गोधडीतही जायला नको होती. जरीची कड पट्टीलाही नको, बाळाच्या हाताला टोचते. कार्ड या पट्टीखाली सरकवायचं, हातानं लिहिलेली बाजू वर. मग हे सगळं पारदर्शक पिशवीत, आणि ती कुरिअर बॅगेत अशी ठेवायची की कार्डाचा चेहरा आणि बाहेरचा पत्ता एकाच बाजूला येतील. माणूस पत्ता वाचतच पिशवी उघडतो, मग पहिली नजर पडते ती स्वतःसाठी लिहिलेल्या दोन ओळींवर.

बाकीच्या वस्तू काढून टाका, प्रत्येकीचं कारण सांगतो. कागदाच्या झिरमिळ्या हातशिलाईत अडकतात आणि बाळ जे दिसेल ते तोंडात घालतं. चॉकलेट आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात गाडीतच वितळतं, मग डाग आणि मुंग्या. हळदी-कुंकवाची पुडी तुम्ही मायेनं टाकता हे समजतं, पण ती फुटली आणि ओल लागली की पांढऱ्या दोऱ्यावर बसलेला डाग कुणाच्या हातून निघत नाही. शुभच काही द्यायचं तर कार्डावर कोपऱ्यात एक छोटं स्वस्तिक किंवा पाळणा छापा. टाचणी, सेफ्टी पिन, स्टेपलर यांतलं काहीही पार्सलात कुठंही नको. आणि घडी घालण्याआधी गोधडीवरून एक लोहचुंबक फिरवा. चौघी एकत्र शिवत असताना आत राहिलेली एक सुई म्हणजे फक्त गेलेलं गिऱ्हाईक नव्हे, बाळाच्या अंगाला इजा आहे. सकाळी सुया मोजून घ्यायच्या, संध्याकाळी मोजून ठेवायच्या.

डांबराच्या गोळ्यांचं वेगळं लिहितो. जुन्या साड्या ट्रंकेतून येतात आणि त्यांना तो वास असतो, काही जणी पाठवतानाही एक गोळी टाकतात. ती बहुधा नॅफ्थलीनची असते. ज्या नवजात बाळांत जी-सिक्स-पीडी या द्रव्याची जन्मजात कमतरता असते त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नॅफ्थलीननं फुटतात आणि कावीळ वाढते. ते नुसत्या कपड्यातल्या वाफेनंही होऊ शकतं. कुठल्या बाळाला ही कमतरता आहे ते तुम्हाला कळणार नाही. म्हणून साड्या शिवण्याआधीच दोनदा धुऊन, दोन-तीन दिवस उन्हात आणि वाऱ्यावर टाकायच्या. नाकाजवळ धरून वास आला तर ती साडी बाळगोधडीला घ्यायची नाही. पार्सलात अत्तरही नको.

कुबट वासाचं कारण बहुधा दुसरंच असतं. उन्हातून काढलेली गरम गोधडी तशीच पिशवीत बंद केली की आत घाम धरतो. जुलै ते सप्टेंबरात तर तीन दिवसांच्या प्रवासात बुरशीचा वास येतो. वाळल्यावर गोधडी घरात तासभर पसरून गार होऊ द्या. मधल्या थरात ओल राहिलीय का हे गाल लावून कळतं. हाताला कोरडी लागणारी गोधडी गालाला गार लागली तर ती अजून ओली आहे.

एक प्रश्न ऑर्डर घेताना विचारायला लागा: 'ही तुमच्या घरी येणार, की भेट म्हणून थेट पाठवायची?' बाळगोधडी पुष्कळदा थेट भेटीच्या पत्त्यावर जाते. म्हणजे पैसे देणारी एकजण आणि पार्सल उघडणारी दुसरीच. तिच्यासमोर 'ऑर्डर केल्याबद्दल आभार' हे कार्ड आलं की ती गोंधळते, आणि आत किमतीची पावती असली तर भेटीची शोभा जाते. भेटीच्या पार्सलात बिल टाकायचं नाही, ते पैसे देणारीला व्हॉट्सअॅपवर पाठवायचं. पार्सलाच्या बाहेर 'भेट, अमुक यांच्याकडून' असं लिहायचं, नाहीतर अनोळखी पार्सल म्हणून घरचे परत पाठवतात. अशा ऑर्डरला पैसे आधी घ्यायचे, दारात मागायचे नाहीत. कार्डाच्या कोऱ्या जागेत या वेळी भेट देणारीचे शब्द, तिनं पाठवले तसेच, तीन ओळींपर्यंत. गोधडीबद्दलची तुमची एक ओळ त्याखाली. बांधण्याआधी कार्ड वर दिसेल असा एक फोटो काढून भेट देणारीला पाठवा. तिला आपली भेट कशी गेली हे बघायला मिळत नाही, तो फोटो ती नातलगांच्या ग्रुपवर टाकते आणि तुमचं नाव तिथं पोचतं. भेटीच्या कार्डांवर क्यूआरमध्ये `B1` ऐवजी `B2` घाला. मग कळेल की निरोप स्वतःसाठी विकत घेणारीचा आहे की भेट मिळालेलीचा. आमचा अंदाज असा की तुमचं पुढचं गिऱ्हाईक बहुतेक `B2` मधून येईल, कारण नव्या आईच्या ओळखीत आणखी नव्या आया असतात.

पुढं कधी अॅमेझॉनसारख्या बाजारावर माल टाकलात तर हे कार्ड त्या पार्सलात घालू नका. गिऱ्हाईक आपल्याकडे वळवणारा नंबर किंवा चांगल्या शेऱ्यासाठी काही देऊ करणारा मजकूर टाकायला तिथं मनाई आहे, आणि विक्रीचं खातं बंद होऊ शकतं. तिथल्यासाठी फक्त धुण्याच्या ओळी असलेलं कार्ड वेगळं छापा.

खर्चाचं म्हणाल तर डिजिटल छपाईत कार्ड साधारण चार-पाच रुपयांना पडतं, कुरिअर बॅग तेवढीच, बटर पेपर, आतली पिशवी आणि स्टिकर मिळून पाच-सहा. पट्टी तुमच्याच कात्रणातली. म्हणजे ९२ च्या जागी पंधराच्या आसपास. पहिल्यांदा `B1` ची नऊ शीट आणि `B2` ची चार शीट छापा, म्हणजे ७२ आणि ३२ कार्डं. वापरायला लागलात की मजकुरातली एखादी चूक निघणारच.

पण त्या १०४ कार्डांच्याही आधी एक पार्सल पुण्यातल्या एखाद्या नातेवाईक बाईला पाठवा, आत काय आहे ते न सांगता. तिच्या घरातल्या कुणाला तरी उघडतानाचा व्हिडिओ काढायला सांगा. त्यात तीन गोष्टी बघा: कात्री कुठं लागली, गाठ एका ओढीत सुटली का, आणि कार्ड हातात घेतल्यावर तिनं ते उलटून मागची बाजू वाचली की बाजूला ठेवलं. बाजूला ठेवलं असेल तर पुढच्या बाजूला खाली उजवीकडे 'धुण्याआधी मागे पाहा' एवढे तीन शब्द घाला. नंतर वहीत दर महिन्याला किती कार्डं गेली, किती `B1`, किती `B2` आणि त्यातून किती ऑर्डरी, हे चार रकाने भरत जा. पन्नास कार्डांमागे पाच निरोपही आले नाहीत तर पहिला संशय क्यूआरवर घ्या आणि कार्ड पुन्हा फोनवर तपासा. निरोप येतात पण ऑर्डर नाही, असं झालं तर अकराव्या महिन्याचा फोटो किंवा मोठ्या गोधडीची किंमत बघावी लागेल, कार्ड नव्हे. मात्र बाळं मोठी व्हायला वेळ लागतो, त्यामुळे `B1` चा निकाल वर्षाच्या आत मागू नका. `B2` चा चार-सहा महिन्यांत दिसायला लागेल.

उरलेली साडेतीनशे चकचकीत कार्डं फेकू नका. सवलतीची ओळ साध्या कागदाच्या पांढऱ्या स्टिकरनं झाका, म्हणजे त्याच जागेवर बॉलपेननं हाताच्या दोन ओळी लिहिता येतील. धुण्याच्या चार ओळी दुसऱ्या स्टिकरवर छापून मागं चिकटवा आणि ती कार्डं मोठ्या गोधड्यांच्या ऑर्डरीत वापरून संपवा.